निबंधाची दुरुस्ती: विधानाकडून परिच्छेदांकडे की परिच्छेदांकडून विधानाकडे?

निबंधाचा पहिला खर्डा तयार आहे, पण वाचताना युक्तिवाद मध्येच कोठेतरी सुटतो, अशा वेळी दुरुस्तीला दोन टोकांकडून सुरुवात करता येते. एका पद्धतीत आधी मुख्य विधान नेमके करून त्यातून प्रत्येक परिच्छेदाचे विषयवाक्य, म्हणजे त्या परिच्छेदाचा दावा सांगणारे वाक्य, नव्याने लिहिले जाते. दुसऱ्या पद्धतीत प्रत्येक परिच्छेदाने प्रत्यक्षात काय दाखवले, हे समासात एका ओळीत टिपून त्यावरून मुख्य विधान सुधारले जाते. सांगलीतील एका विद्यार्थिनीच्या निबंधावर आम्ही दोन्ही पद्धती लावून पाहिल्या.

निबंधाचे मुख्य विधान होते: ‘सांगलीच्या महापुराला निसर्ग आणि माणूस दोघेही जबाबदार आहेत.’ चार परिच्छेद अनुक्रमे असे सुरू होत होते: सांगली हे कृष्णाकाठचे जुने शहर आहे, २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये शहराला पुराचा फटका बसला, पूररेषेच्या आत बांधकामे झाली आहेत, अलमट्टी धरणावरून महाराष्ट्र आणि कर्नाटकात वाद आहे. यांतील एकही वाक्य खोटे नाही, मात्र पहिली दोन आणि चौथे केवळ माहिती देतात, त्यांतून काय घ्यायचे ते वाचकावर सोडतात. मुख्य विधानही असे आहे की त्याला कोणी ‘नाही’ म्हणणार नाही, त्यामुळे परिच्छेदांना सिद्ध करण्यासारखे काही उरतच नाही.

पहिल्या पद्धतीने विधान झटपट धारदार झाले: ‘पाऊस टाळता येत नाही, परंतु सांगलीत पुराने होणारे नुकसान पूररेषेतील बांधकामांमुळे वाढते, म्हणून तेथे नवे परवाने थांबवले पाहिजेत.’ त्यानुसार दुसऱ्या परिच्छेदाचे विषयवाक्य ‘प्रत्येक पुरात नदीलगतच्या नव्या वस्त्यांचे नुकसान सर्वाधिक झाले’ असे झाले, पण खालचा मजकूर होता तसाच राहिला. त्यात आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी आणि पाणी ती ओलांडून किती वर गेले, एवढेच होते. विधान नुकसानाविषयी आणि पुरावा पाण्याच्या उंचीविषयी, असा हा सांधा निखळला होता, तरी नव्या विषयवाक्यामुळे तो वरवर जुळलेला दिसत होता. या पद्धतीचा खरा धोका हाच आहे. तो ओळखण्यासाठी विषयवाक्य हाताने झाकावे, उरलेला परिच्छेद दुसऱ्याला वाचायला द्यावा आणि यातून काय सिद्ध होते ते विचारावे. येथे उत्तर आले, ‘पाणी खूप चढले होते.’

दुसऱ्या पद्धतीत हीच विसंगती समासातल्या नोंदींमुळे आधीच उघड झाली. पहिल्या परिच्छेदापुढे ‘काही सिद्ध होत नाही’ असे लिहावे लागले आणि तो प्रस्तावनेतील दोन ओळींपुरता उरला. मात्र या पद्धतीलाही खोड आहे: लिहिलेले काहीच टाकवत नाही, म्हणून विधान सर्वांना पोटात घेऊ लागते. विद्यार्थिनीचे नवे विधान ‘महापुरामागे अतिवृष्टी, बांधकामे आणि धरणांचे व्यवस्थापन ही तीन कारणे आहेत’ असे झाले, आणि ही यादी आहे, युक्तिवाद नव्हे. परिच्छेदांची अदलाबदल करून पाहावी. क्रम बदलूनही काहीच बिघडत नसेल, तर दुरुस्ती अपुरी आहे असे समजावे.

माझे मत असे की खर्डा हाती असेल तर समासातल्या नोंदींपासून सुरुवात करावी, आणि यादी दिसू लागताच पहिल्या पद्धतीकडे वळून ‘यांपैकी कोणत्या मुद्द्यावर कोणी माझ्याशी वाद घालील?’ असे विचारावे. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत मात्र तीन तासांत दोन निबंध लिहायचे असतात. तेथे लिहून झाल्यावर मागे वळायला सवड नसते, त्यामुळे विधान आणि विषयवाक्ये लिहिण्याआधीच कच्च्या पानावर एकाखाली एक मांडून, प्रत्येक विषयवाक्याआधी ‘कारण’ किंवा ‘तरीही’ हा शब्द बसतो का, ते पाहावे.

या निबंधात ‘तरीही’ उपयोगी पडला तो अलमट्टीच्या परिच्छेदात. विद्यार्थिनीला तो काढायचा नव्हता आणि तिचे बरोबर होते, कारण बांधकामांना दोष देणाऱ्याला सांगलीत पहिला प्रश्न धरणाचाच विचारला जातो. ‘धरणावरून वाद आहे’ या वाक्याच्या जागी तिने लिहिले: ‘अलमट्टीतील विसर्गावर उद्या दोन्ही राज्यांचे एकमत झाले, तरीही पूररेषेतील घर पूररेषेतच राहील.’ मग परिच्छेदातील वादाचा इतिहास तिने स्वतःच तीन ओळींवर आणला, आणि दुसऱ्या परिच्छेदातील पाण्याच्या पातळ्यांच्या जागी कोणत्या वस्त्यांत पाणी किती दिवस राहिले, याची माहिती शोधायला घेतली.