धार लावायचा दगड, 1000/6000: ट्रेनी पोरांसोबत आठ महिने वापरल्यावर

पणजीत एका हॉटेलच्या किचनमध्ये आहे, नवीन ट्रेनी आले की त्यांना सुरी धरायला शिकवायचं काम माझ्याकडे असतं. जानेवारीत हा दोन बाजूंचा पाण्याचा दगड घेतला, एक बाजू 1000 ची जाडसर, दुसरी 6000 ची बारीक, त्याआधी खाचेतून सुरी ओढायचं ते छोटं मशीन होतं, त्यानं धार लागते पण पातं ओरबाडून निघतं आणि पोरं शिकत काहीच नाहीत, म्हणून बदललं.

आधी एक सांगते, आमच्याकडे येणारी बरीच मुलं घरी आदोळीवर म्हणजे विळीवर कापत मोठी झालेली. विळीचं पातं जागेवर असतं आणि हात पुढे जातो, सुरीचं बरोबर उलटं, त्यामुळे डाव्या हाताची बोटं सरळ पुढेच राहतात. पहिला आठवडा मी फक्त बोटं आत दुमडून, पेरांना पातं टेकवून कांदा कापायला लावते, बोर्डाखाली ओलं फडकं, नाहीतर बोर्ड सरकतो. आणि बोथट सुरीवर हे शिकवता येतच नाही, टोमॅटोच्या सालीवर ती घसरते, मग पोरगा जोर लावतो आणि तोच जोर बोटावर येतो. म्हणून दुसऱ्या आठवड्यातच दगड.

दगड पाण्यात दहा-पंधरा मिनिटं, बुडबुडे थांबेपर्यंत. मग 1000 ची बाजू वर. आमच्या सुऱ्या मऊ स्टेनलेसच्या, पातं साधारण 45 मिलिमीटर रुंद, सुरुवातीला मी 15 डिग्रीनं लावत होते तर धार छान यायची पण चार दिवसांत दुमडायची, आता 20 ठेवते, म्हणजे पात्याची पाठ दगडापासून साधारण दीड सेंटिमीटर वर. ट्रेनीला डिग्री समजत नाही, दीड सेंटिमीटर समजतं.

वाळपईचा एक मुलगा होता, मेहनती, पण त्याची सुरी टोकाला कापायचीच नाही. तो म्हणाला, "शेफ, अर्धा तास घासतोय, होत नाही." मी धारेवर मार्करची रेघ मारून त्याला परत चारपाच वेळा घासायला लावलं. मुठीपासून मध्यापर्यंत शाई गेलेली, टोकाला तशीच. कारण पातं टोकाकडे वर वळतं, मूठ एकाच उंचीवर ठेवली की टोक दगडाला लागतच नाही. टोकाकडे जाताना मूठ जरा उचलायची, एवढंच. मग वीसेक घासण्यांत त्याला दुसऱ्या बाजूला बर लागली. बर म्हणजे धारेच्या पलीकडे वळून आलेली बारीक खरखरीत कड. अंगठा पाठीकडून धारेकडे बाहेर सरकवून बघायची, धारेच्या लांबीवरून बोट कधीच फिरवायचं नाही. संपूर्ण लांबीला बर येईपर्यंत बाजू बदलायची नाही, बहुतेकांचं इथेच चुकतं, घाईत बाजू पलटतात. मग दुसरी बाजू तशीच, शेवटी हलक्या हातानं आलटून पालटून बर काढून टाकायची.

6000 ची बाजू? खरं सांगायचं तर आमच्या सुऱ्यांना फारशी गरज नाही, मासे पातळ फिले करायच्या सुरीला तेवढी वापरते. रोजच्याला सर्व्हिसच्या आधी स्टीलवर, म्हणजे धार सरळ करायच्या सळईवर, पाचसहा वेळा, त्यानं दुमडलेली धार सरळ होते, गेलेली धार परत येत नाही, हे पोरांना वेगळं सांगावं लागतं. इसवणाच्या म्हणजे सुरमईच्या काट्यावर हीच सुरी मारली की धारेला दात पडतात, त्याला जाड कोयता वेगळा ठेवलाय.

आता दगडाच्या तक्रारी. सगळे मध्यावरच घासतात म्हणून दोनेक महिन्यांत मध्ये खोलगा पडला आणि खोलग्यावर कोन राहतच नाही. पेन्सिलीनं चौकड्या आखून सपाट लादीवर 220 चा ओला सँडपेपर ठेवून घासते, सगळ्या रेघा गेल्या की सपाट झाला. दुसरं म्हणजे एकानं तंदूरजवळ वाळत ठेवला होता, भेग गेली, सावलीतच वाळवायचा. कोपऱ्याला गेली म्हणून अजून चालतोय.

पावसाळ्यात मात्र सुऱ्यांनी जास्त त्रास दिला. जुलैत ड्रॉवरमध्ये ओल्या टाकलेल्या सुऱ्यांवर गंजाचे ठिपके आले, शिवाय एकमेकांवर आपटून धार जाते ती वेगळीच. आता चुंबकाची पट्टी भिंतीला, पुसून लावायची, लावताना पाठ आधी टेकवायची मग धार फिरवायची, काढताना उलट. आणि फेसाच्या सिंकमध्ये सुरी टाकायची नाही, एका मुलीचा तळहात तसाच कापला होता, पाण्यात सुरी दिसलीच नाही तिला. ज्यानं वापरली त्यानंच धुवायची, त्यानंच पुसायची, त्यानंच लावायची, हा नियम तेव्हापासून.

घ्यायचा असेल तर घ्या, पण खाली रबरचा स्टँड असलेलाच. आमच्या दगडाबरोबर आलेला स्टँड सरकत होता, आता दगडाखाली ओलं फडकंच घालतो.