डॅशबोर्डवर वेळापत्रक, स्क्रीनमागे पेनड्राइव्ह

दुकानात डिजिटल स्क्रीन बसवायच्या विचारात असाल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे पैसे गेले, तुमचे तरी वाचावेत.

माझ्या दुकानात तीन स्क्रीन आहेत: एक दर्शनी काचेत, एक आत आणि एक काउंटरवर. मागणी साधी होती. सकाळी नव्या मालाच्या जाहिराती, बारा ते पाच सवलतीच्या, पाचनंतर भेटवस्तूंच्या. काउंटरच्या स्क्रीनवर मात्र दिवसभर वेगळंच काहीतरी. बसवणाऱ्याने लॅपटॉपवर क्लाउड डॅशबोर्ड उघडून दाखवला. दिवसाच्या तक्त्यावर तीन रंगांच्या पट्ट्या, प्रत्येकीवर `Published`. पट्टी ओढली की वेळ बदलत होती. लायसन्स दर स्क्रीनमागे वर्षाचं, म्हणजे तिन्हींचे पैसे त्याने आगाऊ घेतले. लॉगिन "सेटिंग पूर्ण झालं की देतो" म्हणाला.

सुरुवातीला सगळं वेळेवर बदलायचं. मग एका दुपारी वीज गेली, आली, आणि भर तीन वाजता स्क्रीनवर सकाळच्या जाहिराती सुरू झाल्या. फोन केला तर उत्तर आलं, "नेट स्लो आहे, शेड्यूल पोचत नाहीये." पुढेही वीज गेली की हेच. ज्या दिवशी दुकान उशिरा उघडलं, त्या दिवशी संध्याकाळच्या जाहिराती तेवढ्याच उशिरा लागल्या. इथे मला खटकलं. नेटचा वेग दुकानाच्या कुलपावर कसा अवलंबून असेल?

या धंद्यातल्या एका ओळखीच्या माणसाला विचारलं, तेव्हा उलगडा झाला. क्लाउडवरून चालणाऱ्या चांगल्या प्लेअरमध्ये, म्हणजे स्क्रीनला जोडलेल्या बॉक्समध्ये, व्हिडिओ आणि वेळापत्रक दोन्ही आधीच उतरवून साठवलेले असतात. कधी काय लावायचं, हे तो स्वतःच्या घड्याळावरून ठरवतो. नेट मंद असेल तर नवा बदल उशिरा पोचेल, पण आधी पोचलेलं वेळापत्रक बिघडत नाही. वीज आल्यावर तो घड्याळ बघतो आणि त्या वेळेचाच कार्यक्रम लावतो. एक अपवाद मात्र खरा आहे. बऱ्याच स्वस्त अँड्रॉइड बॉक्समध्ये घड्याळाला बॅटरी नसते. त्यामुळे वीज आली आणि नेट आलं नाही, तर बॉक्सला वेळच कळत नाही. म्हणून तपासायचं ते नेट चालू असताना.

तसंच केलं. नेट चालू ठेवून दुपारी बॉक्स बंद करून पुन्हा चालू केला, पाच मिनिटं थांबलो. सकाळच्याच जाहिराती, पहिल्यापासून. मग काचेतली स्क्रीन भिंतीपासून सरकवून मागे पाहिलं. तिन्ही स्क्रीनच्या वायरी एका एचडीएमआय स्प्लिटरला जोडलेल्या. स्प्लिटरला एकच बॉक्स, आणि बॉक्सला पेनड्राइव्ह. त्यात सकाळच्या क्लिप पुन्हापुन्हा भरून तीन तास केले होते, त्यापुढे सवलतीच्या, त्यापुढे भेटवस्तूंच्या. दुकान नऊला उघडलं की बारा वाजता यादी आपोआप सवलतींवर यायची. वेळापत्रक असं काही नव्हतंच! काउंटरवर वेगळं दिसणंही शक्य नव्हतं, कारण स्प्लिटर एकच चित्र सगळीकडे पाठवतो. त्याबद्दल मी विचारलं की "पुढच्या अपडेटला होईल" असं तो सांगत राहिला, आणि लायसन्सचे पैसे मात्र तीन स्क्रीनचे घेऊन बसला होता.

मी प्ले रिपोर्ट मागितला, म्हणजे कोणती क्लिप किती वाजता लागली याची नोंद. त्याने एक्सेल पाठवली. प्रत्येक नोंद नेमक्या मिनिटावर: 17:00:00, 17:01:00, 17:02:00. आमच्या क्लिप पंधरा-वीस सेकंदांच्या होत्या, त्यामुळे खऱ्या नोंदी अशा पडूच शकत नाहीत. वर साप्ताहिक सुट्टीच्या दिवशीच्याही नोंदी होत्या, आणि त्या दिवशी मेन स्विचच बंद असतो. ही फाइल हाताने बनवलेली होती, यात मला शंका उरली नाही.

सॉफ्टवेअरच्या कंपनीला लिहिलं. आमच्या दुकानाच्या नावाने फक्त चाचणीचं खातं निघालं होतं, तेही मुदत संपलेलं. तक्त्यावरच्या रंगीत पट्ट्या म्हणजे नुसता बेत. स्क्रीन क्लाउडशी शेवटची कधी जोडलेली होती ते `Last seen` या रकान्यावरून कळतं, आणि आमच्या खात्यात तो डेमोच्या दिवशीच थांबला होता. हे सगळं पुढे ठेवल्यावर त्याने फोन उचलणं बंद केलं. स्प्लिटरचे फोटो, ती एक्सेल आणि बॉक्स बंद-चालू केल्याचा व्हिडिओ जोडून मी लेखी तक्रार दिली आहे, पैसे अजून परत मिळालेले नाहीत.

नवीन माणसाकडून काम करून घेताना खातं माझ्या ईमेलवर उघडायला लावलं, मालकाचे अधिकार माझ्याकडे. प्रत्येक स्क्रीनवर वेगळा पेअरिंग कोड आलेला स्वतः पाहिला आणि तो डॅशबोर्डमध्ये मीच टाकला. मग काउंटरच्या एकट्या स्क्रीनवर दहा मिनिटांनंतरची वेळ देऊन एक क्लिप लावली. ती पोचल्याचं डॅशबोर्डवर दिसल्यावर राउटर बंद केला. ठरल्या वेळी क्लिप फक्त तिथेच लागली, बाकीच्या दोन स्क्रीन आपापलं दाखवत राहिल्या. उरलेले पैसे मी त्यानंतरच दिले.