दहा महिन्यांनंतर: घरगुती एस्प्रेसो मशीनचं प्रेशर का उतरतं आणि ते कुठे शोधायचं

पाणी वाहता-वाहता तापवणारा थर्मोब्लॉक, व्हायब्रेशन पंप आणि खोक्यावर ‘15 बार’ लिहिलेलं हे नेहमीचं घरगुती मशीन. दहा महिने, रोज तीन-चार शॉट, पाणी बोअरचं. पहिले सहा महिने तक्रारीला जागा नव्हती. त्यानंतर प्रेशरचा काटा खाली राहू लागला, वाफ पातळ झाली आणि पाणी रेंगाळत येऊ लागलं.

आधी एक गैरसमज काढून टाकू. 15 बार हे पंपाचं कमाल प्रेशर आहे, तेही पाणी जवळजवळ अडल्यावरचं. शॉटला साधारण 9 बार लागतात आणि काटा वर चढतो तो कॉफीच्या थराने पाणी अडवल्यामुळे. त्यामुळे काटा खाली असण्याचे दोन अगदी उलट अर्थ होतात. 18 ग्रॅम कॉफीतून 36 ग्रॅम शॉट दहा-बारा सेकंदांत धो-धो आला, तर पंप ठीक आहे. दळण जाड आहे, डोस कमी आहे किंवा कॉफी शिळी आहे. काटाही खाली आणि कपातही थेंब-थेंब, असं असेल तरच मशीनकडे वळायचं. या पहिल्या फरकाकडे दुर्लक्ष झालं की चांगला पंप उगाच बदलला जातो.

मशीनकडे वळल्यावर लागतो फक्त वजनकाटा. पोर्टाफिल्टर, म्हणजे कॉफी भरायचं दांड्याचं भांडं, न लावता ते जिथे बसतं त्या ग्रुपमधून 30 सेकंद पाणी सोडायचं आणि मोजायचं. मग तेवढाच वेळ गरम पाण्याच्या नळीतून. या मशीनमध्ये नवं असताना दोन्हीकडे सुमारे 210 मिली येत होतं. दहाव्या महिन्यात ग्रुपमधून 95 आणि नळीतून 100. दोन्हीकडे सारखीच घट म्हणजे अडथळा दोन्हींच्या सामाईक वाटेवर आहे: टाकी, पंप किंवा थर्मोब्लॉक. फक्त ग्रुपकडे कमी असतं, तर दोष ग्रुपच्या तोंडावरच्या जाळीपाशी, म्हणजे शॉवर स्क्रीनपाशी असता. मशीन नवं असतानाच हा आकडा लिहून ठेवावा, नंतर तुलनेला दुसरं काही हाताशी नसतं.

सामाईक वाट सोप्या टोकाकडून तपासायची. टाकीतली फिल्टरची कांडी काढून पुन्हा मोजलं, तर 95 चे 140 झाले. जुनी कांडी तुंबली की पंपाला पाणी ओढता येत नाही. तो पाण्याऐवजी हवा घेऊ लागला की नेहमीचा दबका घरघराट जाऊन कोरडा, मोठा खडखडाट येतो. तो आवाज ऐकू आला की लगेच बंद करायचं, कारण पंप पाण्यानेच थंड राहतो. टाकीखालची झडप नीट बसली आहे का, हेही तेव्हाच बघावं.

उरलेली घट क्षारांची होती. त्यावर उपाय डिस्केलिंग, म्हणजे क्षार विरघळवून काढणं. एक लिटर पाण्यात 20 ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व. कांडी टाकीबाहेरच ठेवायची. साधारण 100 मिली सोडायचं, पाच मिनिटं थांबायचं, असं आलटून-पालटून ग्रुप आणि नळी दोन्हीकडून. द्रावण जास्त तीव्र करू नये, कारण कॅल्शियम सायट्रेटचा नवा थर बसू शकतो. रात्रभर आत ठेवू तर मुळीच नये, बरेच थर्मोब्लॉक ॲल्युमिनियमचे असतात. शेवटी दोन टाक्या साधं पाणी. व्हिनेगरचा वास रबरी भागांत राहतो, म्हणून तो नकोच.

यानंतर नळीतून 200 मिली आलं, पण ग्रुपमधून 165 च. इथे बरेच जण हताश होतात, पण कारण साधं आहे: आत सुटलेल्या क्षारांच्या पापड्या वाहत येऊन शॉवर स्क्रीनमागे अडकतात. मशीन थंड झाल्यावर मधला स्क्रू काढला, तर जाळीच्या पाठीवर तांदळाच्या कणीएवढे पांढरे तुकडे आणि त्यांना चिकटलेला कॉफीचा काळा तेलकट लगदा. गरम पाणी आणि ब्रशने जाळी धुतल्यावर 200 मिली.

वाफेचं गणित वेगळं. इथे पंप थोडं-थोडं पाणी तापलेल्या थर्मोब्लॉकमध्ये टाकतो आणि त्याची वाफ होते. क्षारांच्या थराने उष्णता नीट पोचत नाही, म्हणून वाफ ओली आणि अशक्त येते. 150 मिली फ्रिजमधलं दूध 60 अंशांवर यायला 50 सेकंदांऐवजी दीड मिनिट लागत होतं. डिस्केलिंगनंतर 65 सेकंद झाले. उरलेला फरक वाफेच्या नळीच्या टोकाच्या भोकात वाळलेल्या दुधाचा निघाला. टोक उघडून गरम पाण्यात भिजवावं आणि भोकात टाचणी फिरवावी, पण जोर देऊ नये, भोक मोठं झालं तर वाफ कायमची बिघडते.

एवढं करूनही मोकळा प्रवाह पुरेसा असेल, पण बारीक दळणावर काटा चढत नसेल, तर जास्तीचं प्रेशर सोडून देणाऱ्या प्रेशर व्हॉल्व्हवर संशय घ्यावा. तो गळका असला, की शॉट चालू असताना परतीच्या नळीतून पाणी टाकीत पडताना दिसतं. ही नळी टाकीपर्यंत आलेली असेल तरच हे पाहता येतं. व्हॉल्व्ह दुरुस्त करायला मात्र मशीन उघडावं लागतं, आत 230 व्होल्ट आहेत, म्हणून ते काम मेकॅनिककडेच द्यावं.

मशीन घ्यावं का? पाणी मऊ असेल तर जरूर. बोअरचं असेल तर दर दोन महिन्यांनी डिस्केलिंग आणि कांडी बदलण्याचा खर्च धरूनच किंमत बघावी.