बिटकॉइन, डॉलर-कॉइन आणि ई-रुपया: काही महिने पैशासारखे वापरून पाहिल्यावर

आधी एक सांगतो, हा 'किती कमावले' छापाचा अनुभव नाही. बारावीच्या अर्थशास्त्रात पैशाची तीन कामं घोकलेली असतात: देवाणघेवाणीचं साधन, मूल्य साठवण्याचं साधन आणि मूल्य मोजण्याचं एकक. फोनमध्ये बिटकॉइन, थोडे यूएसडीटी, म्हणजे एका डॉलरच्या भावाला बांधलेले कॉइन, आणि रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयाचं, म्हणजे ई-रुपयाचं, बँकेने दिलेलं वॉलेट ठेवून काही महिने मी एवढंच पाहिलं, की यातलं कोण कुठलं काम करतं.

बिटकॉइनने किराणा घेता येत नाही हे वेगळं सांगायला नको. व्यवहाराची सोपी वाट म्हणजे गिफ्ट व्हाउचर विकणाऱ्या साइट्स. ३,००० रुपयांचं व्हाउचर निवडलं की स्क्रीनवर क्यूआर कोड येतो, खाली बिटकॉइनमधली रक्कम आणि शेजारी उलटं चालणारं घड्याळ, बहुधा पंधरा मिनिटांचं. तेवढ्यात पैसे पाठवले नाहीत तर बिल रद्द होतं. नवीन बिल काढलं की रुपये तेच, ३,०००, पण बिटकॉइनचा आकडा बदललेला. सगळ्या वापरात माझ्या डोक्यात सर्वात जास्त राहिलं ते हे घड्याळ. दुकानदार किंमत रुपयांत ठरवतो आणि बिटकॉइनचा भाव फक्त पंधरा मिनिटं अंगावर घ्यायला तयार असतो.

पाठवण्याचा खर्च कसा लागतो हे नवख्याला चटकन कळत नाही. शुल्क रकमेवर नसतं, व्यवहाराने ब्लॉकमध्ये, म्हणजे व्यवहार एकत्र नोंदवणाऱ्या गठ्ठ्यात, किती जागा घेतली त्यावर असतं. साधा व्यवहार साधारण १४० व्हर्च्युअल बाइट्सचा. रांग रिकामी असताना दर बाइटला ५ सातोशी दिले तर झाले ७०० सातोशी. (एका बिटकॉइनचे १० कोटी सातोशी.) बिटकॉइन ७२ लाखाला धरला तर हे साधारण ५० रुपये. गर्दीत दर ५० वर गेला की तोच व्यवहार ५०० रुपयांना पडतो, मग तुम्ही तीन हजार पाठवा नाहीतर तीन कोटी. २० एप्रिल २०२४ ला, हाल्व्हिंगच्या, म्हणजे दर ब्लॉकमागे मिळणारे नवे बिटकॉइन निम्मे झाले त्या दिवशी, सरासरी शुल्क शंभर डॉलरच्या वर गेलं होतं. तीन कोटी पाठवणाऱ्याला त्याचं काही नाही, व्हाउचरवाल्याने त्या दिवशी गप्प बसावं. शिवाय ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी येतो, पण 'सरासरी' हा शब्द विसरू नका. कधी दोन मिनिटांत येतो, कधी अर्धा तास पत्ता नसतो. छोट्या, झटपट व्यवहारांसाठी बिटकॉइनवर उभारलेल्या लाइटनिंग नेटवर्कने पाठवलं तर वेळ आणि शुल्क दोन्हींचा त्रास बराच कमी होतो, हे कबूल करायला हवं.

म्हणजे साधन म्हणून बिटकॉइन चालतो, जरा लंगडत. खरी गंमत हिशोब लिहायला बसल्यावर सुरू होते.

समजायला सोपे जावेत म्हणून आकडे गोल घेतो. बिटकॉइन ६० लाखाला असताना १०,००० रुपयांचा घेतला, म्हणजे सुमारे १,६६,६६६ सातोशी. पुढे भाव ७२ लाख झाला आणि मी ३,००० चं व्हाउचर घेतलं, त्याला ४१,६६६ सातोशी गेले. त्या सातोशींची खरेदी किंमत २,५०० रुपये. माझ्या लेखी मी व्हाउचर घेतलं, आयकर खात्याच्या लेखी मी मालमत्ता विकून ५०० रुपये नफा कमावला. एप्रिल २०२२ पासून त्यावर सरसकट ३० टक्के कर, वर ४ टक्के उपकर: १५० आणि ६, मिळून १५६ रुपये. पाठवण्याचे ५० रुपये नफ्यातून वजा करता येत नाहीत, फक्त खरेदी किंमत वजा होते. तीन हजारांच्या खरेदीवर दोनशेच्या वर खर्च. एक्स्चेंजवर विकायला गेलात तर १ टक्का टीडीएस कापला जातो तो वेगळा. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर अडकतो.

आता कल्पना करा, चहा, रिक्षा, भाजी सगळं असंच. प्रत्येक वेळी हे सातोशी कधी घेतले, कितीला घेतले, आज भाव काय. रुपया खर्च करताना रुपयाचा भाव कोणी लिहून ठेवत नाही.

हा फक्त आपल्या कायद्याचा दोष आहे असं म्हणणाऱ्यांनी एल साल्वादोर पाहावं. तिथे सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन कायदेशीर चलन झाला, सरकारने वॉलेट काढलं, नोंदणी करणाऱ्याला ३० डॉलरचे बिटकॉइन दिले. तरी किमती डॉलरमध्येच राहिल्या, आणि बिटकॉइन आला की लगेच डॉलर करून देण्याची सोय खुद्द सरकारी वॉलेटमध्ये होती. जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदाराने बिटकॉइन घेतलाच पाहिजे ही सक्तीही काढली.

साठवणुकीबद्दल थोडक्यात. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिटकॉइन ६९,००० डॉलरच्या आसपास होता, वर्षभराने १६,००० च्या खाली उतरला, डिसेंबर २०२४ मध्ये लाखाच्या वर. दहा वर्षं न लागणारा पैसा असेल तर तुमचं तुम्ही ठरवा. पुढच्या जूनमधली शाळेची फी यात ठेवणारा माणूस मला भेटायचाय. एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर कधीच जाणार नाही, हे खरं. पण पुरवठा बांधलेला असल्यामुळे मागणीचा प्रत्येक हेलकावा थेट भावातच उतरतो. आणि आपल्याकडे एका कॉइनचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

यूएसडीटी, यूएसडीसी हे डॉलर-कॉइन या सगळ्यावरचा तोडगा म्हणून सांगितले जातात. पाठवायला खरंच छान. भाव हलत नाही म्हणून समोरचाही निवांत घेतो. पण यांनी मोजण्याचं काम केलेलंच नाही, ते डॉलरकडून उसनं घेतलंय. साठवण किती पक्की हे मागे ठेवलेल्या पैशावर ठरतं. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तिच्यात यूएसडीसीचे ३.३ अब्ज डॉलर होते. शनिवार-रविवार बँका बंद, कॉइन परत करून डॉलर मागायची सोय नाही, आणि एक डॉलरचा कॉइन ८८ सेंटच्या आसपास आला. अमेरिकी सरकारने ठेवींची हमी दिल्यावर भाव सावरला. आपल्याकडे आणखी एक फाटा: एक्स्चेंजवर यूएसडीटीचा रुपयातला भाव बँकेच्या डॉलर दरापेक्षा बहुतेक वेळा चढाच असतो. घेतानाच दोन्ही भाव शेजारी ठेवून पाहा, नाहीतर तो फरक विकताना कळतो. कर मात्र बिटकॉइनसारखाच.

ई-रुपयाबद्दल लिहिण्यासारखं कमी, आणि हीच त्याची तारीफ. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबईसह चार शहरांत सामान्यांसाठी सुरू झाला. भाजीवालीच्या नेहमीच्या यूपीआय क्यूआरवर चालतो, शंभराचे शंभरच जातात, कुठेही भाव पाहावा लागत नाही, आणि मागे रिझर्व्ह बँक असल्याने बँक बुडण्याची चिंता नाही. तिन्ही कामं करतो, कारण तो रुपयाच आहे. व्याज नाही, आणि महागाईने रुपया झिजतो तसाच हाही झिजतो. यूपीआय असताना हा कशाला, असं भाजीवालीने विचारलं तर मला चांगलं उत्तर सुचत नाही.

बिटकॉइन ठेवलाय, पण खर्च करणं थांबवलं. विवरणपत्र भरताना आभासी डिजिटल मालमत्तेसाठीच्या शेड्यूल व्हीडीएमध्ये त्या व्हाउचरची नोंद करावी लागते: घेतल्याची तारीख, दिल्याची तारीख, खरेदी किंमत, मिळालेली रक्कम, नफा. रकमा सगळ्या रुपयांत. किती सातोशी दिले, याला रकानाच नाही.