हात धुऊन धुऊन फुटलेत? लोशन, क्रीम की पेट्रोलियम जेली

गेल्या हिवाळ्यात अंगठीखाली एक लाल चट्टा उठला. अंगठी घट्ट होत असेल म्हणून ती काढून ठेवली आणि विसरले. दोन आठवड्यांत चट्टा बोटांच्या बेचक्यांत पसरला, मग पेरांवर चिरा पडल्या. एके दिवशी वरणावर लिंबू पिळलं आणि डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा कळलं की हा इसब आहे. त्याची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते. अंगठीखाली आणि बेचक्यांत साबण अडकून राहतो आणि त्या जागा नीट पुसल्याही जात नाहीत.

मी वॉर्डात स्टाफ नर्स आहे. माझ्या वहिनी घरून डबे देतात, त्यांचेही हात तसेच. भाचीला सहा महिन्यांचं बाळ आहे, तिचेही. तिघींनी एकमेकींच्या ट्यूबा वापरून पाहिल्या आणि तिघींचीही निराशा झाली, कारण एकीची सोय दुसरीची नसते. काय निवडावं असं विचारणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे.

आधी धुण्याचं बघा, मग क्रीमचं

कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात पेशी विटांसारख्या रचलेल्या असतात आणि मधल्या फटींत चरबी भरलेली असते. साबण मळाबरोबर ही चरबीही काढून नेतो. ती पुन्हा भरायला कातडीला वेळ लागतो, आणि आपण त्याआधीच पुढचा हात धुतो. जर्मनीत कामगारांसाठी जे नियम आहेत त्यांत दिवसातून बऱ्याच वेळा हात धुणं हेही ‘ओलं काम’ धरलं जातं. मी एका सकाळच्या ड्यूटीत मोजलं, छत्तीस वेळा धुतले होते. त्यातले पंचवीस-एक असे होते की हाताला काहीच लागलेलं नव्हतं.

तिथे अल्कोहोलचा हँड रब घ्यायचा. ‘अल्कोहोलने हात सुकतात’ हा समज आमच्या खात्यातही पक्का आहे, पण प्रत्यक्षात साबण-पाण्यापेक्षा त्याने कातडीचं नुकसान कमी होतं, कारण तो चरबी धुऊन नेत नाही आणि त्यात बहुधा ग्लिसरीन असतं. चिरांवर तो झोंबतो हे खरं. पण झोंबतं याचा अर्थ कातडी आधीच फुटलेली आहे, रबने फोडलेली नाही. साबण लागतोच अशा जागाही आहेत. हात दिसायला घाण असले, किंवा क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या जंतूमुळे झालेल्या जुलाबाचा पेशंट असला, तर रबवर भागत नाही.

एक चूक मी वर्षभर केली. हात धुतले की लगेच वरून रबही चोळायचा, जास्त स्वच्छ म्हणून. एकावेळी एकच करा. दोन्ही केल्याने कातडीची हानी वाढते.

लोशन, क्रीम, पेट्रोलियम जेली

फरक मुख्यतः पाणी आणि स्निग्धांशाच्या प्रमाणात आहे. लोशनमध्ये पाणी जास्त, त्यामुळे ते पटकन जिरतं, पण आधारही कमी देतं. पेट्रोलियम जेलीत पाणी नाहीच. ती कातडीवर झाकण घालते आणि आतलं पाणी उडू देत नाही. क्रीम या दोघांच्या मधलं.

कागदावर जेली जिंकते. पण ती लावून सलाइनची टेप सोडवून बघा! वहिनींच्या हातून तर झारा निसटायचा. लॅटेक्सच्या हातमोज्यांखाली ती चालत नाही, रबर कमजोर होतं. ड्यूटीवर नायट्राइलचे हातमोजे नसतील तर जेली घरीच ठेवा. म्हणून मी वेळ वाटून घेतली. दिवसा बिनवासाचं, ग्लिसरीनवालं क्रीम. रात्री जेली आणि वरून सुती मोजे. हातांचे नसले तर पायांचे जुने धुतलेले चालतात.

कातडीतल्या चरबीतलाच एक घटक, सेरामाइड, घातलेलं महागडं क्रीम घ्यावं का? परवडत असेल तर घ्या, पण स्वस्तातल्यापेक्षा बरं होण्याची हमी नाही. ब्रिटनमध्ये ५५० मुलांच्या इसबावर झालेल्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत लोशन, क्रीम, जेल आणि मलम यांच्या परिणामात फरक आढळला नाही. ती मुलं होती आणि तो इसब वेगळ्या जातीचा, हे मान्य. तरी मी त्यातून एवढं घेतलं की जे लावलं जाईल तेच घ्यावं. युरियावालं क्रीम मात्र चिरा असताना लावू नका, आग होते. खोबरेल हातांवर टिकत नाही, पण काहीच नसण्यापेक्षा बरं.

खरा घोटाळा प्रमाणाचा असतो. बोटाच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून जेवढी रेघ येते ती साधारण अर्धा ग्रॅम. दोन्ही हातांना पुढून-मागून लावायला अशा दोन रेघा, म्हणजे एक ग्रॅम लागतो. दिवसातून चार वेळा लावलं तर तीस ग्रॅमची ट्यूब आठवड्यात संपायला हवी. माझी दोन महिने पुरली होती. म्हणजे मी लावत नव्हतेच, लावल्यासारखं करत होते. हात टिपून कोरडे केले की थोडी ओल असतानाच लावा.

स्वयंपाकघरात प्रश्न वेगळा

वहिनींना भांडी घासताना आत सुती अस्तर असलेले रबरी मोजे सोयीचे पडले. अस्तर घामाने ओलं झालं की बदलायचं, नाहीतर मोज्यातच हात भिजत राहतो. पाणी कोमट. वडीऐवजी पातळ साबण, तोही मोज्यांवरूनच.

पण इतकं करूनही डाव्या हाताचा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बरं होईना. उजवा हात ठीक. कोणती बोटं फुटली आहेत हे बघण्यावर डॉक्टरांचा भर असतो, तो यासाठी. लसूण सोलताना-चिरताना ती याच बोटांत धरली जाते. हा साबणाचा त्रास नव्हता, लसणीची ॲलर्जी होती. पाठीवर पट्ट्या चिकटवून ॲलर्जी तपासतात त्या पॅच टेस्टमध्ये ते पक्कं झालं. लसणीतला तो पदार्थ नेहमीच्या बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातो, म्हणून मोजे घालून उपयोग नाही. आता लसूण सोलायचं काम शेजारची मुलगी करते. कणीक किंवा मासळी हाताळल्यावर काही मिनिटांत खाज सुटत असेल तर तेही वेगळं प्रकरण, ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

भाचीचं सोपं निघालं. दुपट्याच्या ढिगाशेजारी पंपाची क्रीमची बाटली ठेवली, कारण झाकण फिरवायला तिला दुसरा हात मोकळा नसतो. लंगोट बदलल्यावर साबण हवाच, तिथे तडजोड नाही.

दोन-तीन आठवड्यांत उतार पडला नाही, पू किंवा पिवळ्या खपल्या दिसल्या, किंवा कोंडा एकाच हाताला असला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एका हाताचा आणि सोबत दोन्ही पायांचा कोंडा बऱ्याचदा बुरशीचा असतो. मेडिकलमधून मिळणारं स्टेरॉइड आणि बुरशीचं औषध एकत्र असलेलं मलम त्यावर लावलं की लाली जाते, बुरशी मात्र आतून पसरत राहते. मला डॉक्टरांनी दोन आठवडे रात्री लावायला स्टेरॉइड दिलं होतं. त्याने खाज आठवड्यात थांबली.

पाचव्या आठवड्यात हात छान दिसायला लागले आणि मी क्रीम सोडलं. कातडी वरून गुळगुळीत दिसली तरी तिचा बांध पूर्ववत व्हायला काही महिने लागतात. चौथ्याच दिवशी, संध्याकाळच्या ड्यूटीनंतर, अंगठीच्या जागी पुन्हा खाज सुटली. आता ट्यूब युनिफॉर्मच्या खिशात असते आणि अंगठी घरी.