छतावरची डिश: ठिकाण शोधताना कल मोजावा की दिशा?

फोटोत छतावर डिश दिसली की ठिकाणाचा माग काढायला दोन गोष्टी हाती लागतात. डिश आकाशाकडे किती उचललेली आहे तो तिचा कल, आणि जमिनीवर कोणत्या दिशेला तोंड करून आहे ती तिची दिशा. दोन्ही नीट मोजायला वेळ नसेल तर आधी कशाच्या मागे लागायचं? माझं मत दिशेच्या बाजूने आहे, पण एका अटीवर: फोटोत उत्तर दिशा कुठे आहे हे कळलं पाहिजे.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, सुमारे 35,786 किलोमीटर उंचीवर एका जागी थांबल्यासारखे असतात. त्यामुळे युरोपात डिश दक्षिणेकडच्या आकाशाकडे बघते, ऑस्ट्रेलियात उत्तरेकडच्या. गोलार्ध एवढ्यावरच ठरतो. विषुववृत्ताच्या अगदी जवळ मात्र हा नियम लावू नये, कारण तिथे डिश जवळजवळ पूर्वेला किंवा पश्चिमेला वळलेली असू शकते.

कलाकडे आधी बघू, कारण फसगत तिथेच जास्त होते. घरगुती डिश बहुतेक ऑफसेट असते. सिग्नल पकडणारा डबा, म्हणजे एलएनबी, मधोमध नसतो, खालून निघालेल्या दांड्यावर असतो. अशा डिशचा पत्रा भिंतीसारखा सरळ उभा असला तरी ती प्रत्यक्षात क्षितिजापासून 20 ते 26 अंश वर बघत असते. हे न जोडता नुसता पत्र्याचा कल मोजला तर उत्तर हजारो किलोमीटर चुकतं. शिवाय कल फक्त डिश बाजूने दिसत असेल तरच मोजता येतो, तोही भिंतीच्या उभ्या कडेशी ताडून. खालून वर कॅमेरा धरून काढलेल्या फोटोत ती कडच तिरपी होते.

कल अक्षांश सांगतो असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धवट खरं आहे. कलावरून कळतं ते उपग्रहाच्या बरोबर खालच्या बिंदूपासूनचं अंतर, म्हणजे नकाशावर एक वर्तुळ. त्या वर्तुळावर नेमकं कुठे, हे दिशा सांगते. दोन्हींच्या आधी अर्थात उपग्रह ओळखावा लागतो.

एक उदाहरण घेऊ. समजा लंडनमधला फोटो आहे आणि आपल्याला ते माहीत नाही. छतावर छोटी, आडवी लांबट, जाळीदार डिश आहे. ही ब्रिटन-आयर्लंडमधल्या स्कायची ओळखीची डिश, आणि तिचा उपग्रह 28.2 अंश पूर्वेला. पत्रा जवळपास उभा आहे, म्हणून ऑफसेट धरून उंचीचा कोन E = 25 अंश. मागे जुनं चर्च दिसतंय. अशी चर्च बहुधा पूर्व-पश्चिम बांधलेली असतात, त्यावरून डिश दक्षिणेपासून 34 अंश पूर्वेकडे वळलेली वाटते. तो कोन A. आता हिशेब:

```
γ = 90 − E − asin(0.151 × cos E)
tan(अक्षांश) = tan γ × cos A
sin(रेखांशातला फरक) = sin γ × sin A
```

इथे γ म्हणजे उपग्रहाच्या बरोबर खालच्या बिंदूपासूनचं अंतर, अंशांत मोजलेलं. तो सुमारे 57 अंश येतो. अक्षांश 52.0 उत्तर, रेखांशातला फरक 28.0, म्हणजे रेखांश 0.2 पूर्व. लंडनच्या मध्यापासून साधारण 60 किलोमीटर उत्तरेला. छतावरच्या एका डिशकडून एवढं मिळालं तर खूप झालं! दिशा सोडून दिली असती आणि γ लाच अक्षांश समजलो असतो तर 57 अंशांवर, म्हणजे थेट स्कॉटलंडात पोचलो असतो.

आता याच उदाहरणात मुद्दाम चूक करून बघू. कल 5 अंशांनी जास्त वाचला तर उत्तर सुमारे 550 किलोमीटर सरकून फ्रान्सच्या मध्यभागी जातं. दिशा 5 अंशांनी जास्त वाचली तर सुमारे 340 किलोमीटर सरकतं आणि इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डेव्हनमध्ये थांबतं. म्हणजे इथे सारख्याच चुकीला दिशा कमी महाग पडते. त्यात ऑफसेटचा अंदाज 5 अंशांनी चुकणं अगदी सोपं आहे. दिशेत तसली लपलेली भर नसते, पण चर्चही काही अंशांनी तिरकं असू शकतं.

फोटोत उत्तर दिशा अजिबात ठरत नसेल, तर कलाशिवाय पर्याय नाही. तेव्हा उत्तर म्हणून एक बिंदू देऊ नये, वर्तुळावरचा पट्टा द्यावा. विषुववृत्ताजवळ, उपग्रह जवळपास डोक्यावर असेल तर, डिश वाटीसारखी आभाळाकडे उघडी असते. तिथे वळण खालून नीट वाचता येत नाही, पण वाचता आलं तर ते रेखांशाबद्दल फार बारकाईने बोलतं: उपग्रहाच्या रेखांशाच्या आसपास, 10 अंश अक्षांशावर दिशेतली 5 अंशांची चूक रेखांशात एका अंशाहूनही कमी उतरते.

एकाच डिशवर मात्र विसंबू नये. वाऱ्याने फिरलेली, जोडणी काढून टाकलेली डिशही वर्षानुवर्षं तशीच लटकत राहते. गल्लीतल्या चार-पाच सारख्या डिश एकाच बाजूला बघत असतील तर ती दिशा धरावी आणि वेगळी बघणारी सोडून द्यावी. दोन वेगळ्या बाजूंना बघणारे गट दिसले तर बहुधा दोन वेगळे उपग्रह असतात, त्यांची सरासरी काढू नये. स्टारलिंकसारख्या सपाट पाट्या या हिशेबात धरायच्याच नाहीत, कारण त्यांचे उपग्रह एका जागी थांबत नाहीत.