ग्रिल गंजते, पाटल्या का नाही?

"दादा, ऐरोलीच्या घराची ग्रिल मागच्याच वर्षी रंगवली तरी पापुद्रे सुटतायत, आणि आजीच्या पाटल्या बघ, इतकी वर्षं हातात असून तशाच चमकतात."

"अगं, लोखंड इलेक्ट्रॉन सहज सोडतं आणि ऑक्सिजन ते घेतो, पण मधे पाणी लागतंच, अगदी कोरड्या हवेत लोखंड जवळपास गंजत नाही. त्यात आपल्याकडे खाडीची खारी हवा, मिठाच्या पाण्यातून करंट पटकन वाहतो म्हणून गंज जोरात."

"पण एकदा थर बसला की आतलं वाचायला हवं ना, ॲल्युमिनियमच्या खिडकीसारखं?"

"तिथेच गोची आहे. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, फुगून सुटतो आणि आतलं ताजं लोखंड उघडं पडतं. रंग फुगलाय तिथे नखाने टोकर, तपकिरी भुकटी निघेल."

"आणि सोनं?"

"ते इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतं, हवेतल्या ऑक्सिजनशी त्याचं जमतच नाही. पाटल्या २२ कॅरेटच्या, म्हणजे १०० ग्रॅममध्ये साधारण ९१.६ ग्रॅम सोनं, बाकी तांबं-चांदी. कधी काळपट दिसल्या तर मळामुळे नाहीतर त्या मिसळीमुळे."

"मग ग्रिलवर परत रंग मारू?"

"आधी पॉलिश पेपरने गंज पूर्ण काढ, मग रेड ऑक्साइड प्रायमर, तो सुकला की रंग."